सहा वर्षांनी जुन्या सहकाऱ्याला मेसेज: सुरुवात कशी करावी आणि काय मागावं

प्रश्न: «मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये फायनल इन्स्पेक्शनला आहे. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते अण्णा २०१९ साली चाकणला गेले. आता तिथे सीएमएम, म्हणजे जॉबची मापं घेणाऱ्या मशीनचा विभाग बघतात असं कळलं. सहा वर्षांत एकदाही बोलणं नाही. त्यांच्या बहिणीच्या लग्नाला बोलावलं होतं, तेही चुकलं. मला सीएमएम प्रोग्रॅमिंग शिकायचंय. मेसेज लिहून ठेवलाय: ‘हाय अण्णा, कसे आहात? खूप दिवस झाले. कधी फ्री आहात? थोडं बोलायचं होतं.’ पण आठ दिवस झाले, पाठवायला हात धजत नाही. कामापुरती आठवण आली असं वाटेल का?»

तुमचा हात धजत नाही ते बरोबरच आहे, कारण लिहिलेला मेसेज चुकलाय. तुमचा हेतू मात्र चुकलेला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की बरंचसं ओझं उतरेल.

मी आधी एका फाउंड्रीत आणि नंतर एका मशीन शॉपमध्ये मिळून चोवीस वर्षं पर्सोनेलला काढली. आता बेळगाव, धारवाड आणि तिकडे कागल-शिरोलीपर्यंतच्या लहान कारखान्यांना माणसं शोधून देतो. म्हणजे माझं अर्धं काम जुन्या ओळखी उकरून काढण्याचंच आहे. असे मेसेज मी पाठवतो आणि मला येतातही, त्यामुळे दोन्ही बाजूंना काय होतं ते मला जवळून माहीत आहे.

आधी पलीकडच्या टोकाला काय होतं ते बघा. सहा वर्षं ज्याचं बोलणं नाही त्याचा मेसेज येतो, ‘थोडं बोलायचं होतं.’ आपल्या भागात हे वाक्य वाचल्यावर माणसाच्या मनात पहिलं काय येतं? पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहा म्हणतोय. मग येतं विमा पॉलिसी, मग कुठलीतरी साखळी योजना, मग हातउसने पैसे. सीएमएमचं नाव त्या यादीत कुठेच नसतं. तुम्ही काय मागणार ते सांगितलं नाही, म्हणून तो सगळ्यात मोठं मागणं गृहीत धरतो आणि त्याला नाही कसं म्हणायचं याची तयारी करायला लागतो. मग ‘बघू नंतर’ म्हणून फोन बाजूला ठेवतो आणि ते नंतर कधी येत नाही. त्याच्या मनात तुमच्याविषयी काही वाईट नसतं. तुम्ही त्याला न पाहिलेल्या चेकवर सही करायला सांगितलीय, एवढंच.

‘कधी फ्री आहात’ हे त्यातलं दुसरं ओझं. चाकणला सीएमएम विभाग बघणारा माणूस फ्री कधीच नसतो. या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला आपला आठवडा डोळ्यांपुढे आणावा लागतो, तोही कशासाठी ते माहीत नसताना.

आता तुमचा मूळ प्रश्न, कामापुरती आठवण आली असं वाटेल का. मी स्पष्ट सांगतो, आठवण कामामुळेच आलीय आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याच्याकडून आपण शिकलो त्याची आठवण त्याच विद्येच्या पुढच्या पायरीला यावी, यात गैर काय? माणसाला लागतं ते काम लपवण्याचं. माझ्याबरोबर स्टोअरला असलेल्या एका मित्राने पाच-सहा वर्षांनी अचानक रोज सकाळी शुभ सकाळचे फोटो पाठवायला सुरुवात केली. मला बरं वाटलं, मीही उत्तर देत गेलो. तीन आठवड्यांनी त्याने मेहुण्यासाठी नोकरी मागितली. नोकरी मागितली याचं मला काहीच वाईट वाटलं नाही, ते माझं कामच आहे. वाईट याचं वाटलं, की त्या वीस शुभ सकाळी मागे जाऊन खोट्या झाल्या. पहिल्या दिवशीच विचारलं असतं, तर मी त्याच दिवशी दोन ठिकाणी फोन केला असता.

म्हणून माझं मत असं, की काम लहान असेल तर ते पहिल्याच मेसेजमध्ये सांगून टाकावं. आधी चार दिवस नुसती विचारपूस करावी आणि मग विषय काढावा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. समोरासमोर बसून चहा घेताना ते ठीक आहे. फोनवर, इतक्या वर्षांनी, ते पेरणी केल्यासारखं दिसतं.

आणखी एक. इतक्या वर्षांनी ओळख उरलीच नसेल, ही भीती आपण वाजवीपेक्षा जास्त धरतो. २०११ साली डॅनियल लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. नोकरीतल्या अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितलं, की तुमच्या चालू कामातल्या एका अडचणीवर अशा ओळखीच्या माणसाचा सल्ला घ्या ज्याच्याशी तुम्ही निदान तीन वर्षं बोललेला नाहीत. मिळालेले सल्ले चालू ओळखीतल्या माणसांच्या सल्ल्यांच्या तोडीचे होते, आणि त्यांत नवी माहिती अधिक होती. कारण सरळ आहे. रोज भेटणाऱ्याला जे माहीत असतं तेच आपल्यालाही असतं. सहा वर्षं दुसऱ्या गावात, दुसऱ्या मशीनवर काढलेल्या माणसाकडे वेगळं काहीतरी साठलेलं असतं, आणि जुना विश्वास मात्र फारसा झिजलेला नसतो. अण्णांच्या बाबतीत तुमची हीच तर गरज आहे.

पण काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या तुमच्या तुम्हालाच तपासाव्या लागतील. पहिली म्हणजे अण्णा इथून कसे गेले. हसत गेले, की मालकाशी वाजून गेले? वाजून गेले असतील आणि तुम्ही अजून त्याच कंपनीत असाल, तर मेसेजमध्ये कंपनीच्या आजच्या गोष्टी काढू नका, फक्त तुमच्या दोघांतलं लिहा. दुसरी, त्यांची आजची कंपनी तुमच्या कंपनीची ग्राहक किंवा स्पर्धक तर नाही ना. तसं असेल तर त्यांच्याकडे काय रेट आहे, कुठल्या पार्टचं काम आलंय, असल्या वळणाला जाणारा एकही प्रश्न नको. तुम्ही सहज विचाराल आणि ते अडचणीत येतील. तिसरी, तुमच्या दोघांत काही कटुता झाली होती का. झाली असेल तर आधी ती मिटवायची, मागणं त्या मेसेजमध्ये घालायचं नाही. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, म्हणून पुढचं सगळं ते नाही असं धरून लिहितो.

मेसेज पाठवण्याआधी दहा मिनिटांचं एक काम करा. अण्णांना आणि तुम्हाला दोघांनाही ओळखणारं एखादं माणूस गाठा, आणि नंबर तोच आहे का आणि घरी सगळं ठीक आहे का एवढं विचारा. नंबर यासाठी, की आपल्याकडे बंद पडलेला मोबाईल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. २०१९ च्या फोनबुकातल्या नंबरवर आज कोण बसलंय सांगता येत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो आणि नाव बघून अंदाज येतो, पण खात्री माणसाकडूनच होते.

आणि घरचं यासाठी, की माझ्या हातून एकदा फार वाईट चूक झालीय. २०२२ साली मी एका जुन्या सुपरवायझरना मोठ्या उत्साहाने मेसेज केला. त्यात लिहिलं, ‘वहिनी कशा आहेत? त्यांच्या हातच्या थालिपिठाची चव अजून जिभेवर आहे.’ दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘ती गेल्या वर्षी कोविडमध्ये गेली.’ त्यानंतर मी काय लिहिणार होतो? मला त्यांना एका उमेदवाराबद्दल विचारायचं होतं, ते अर्थातच विचारलं नाही. मी गाडी काढून निपाणीला त्यांच्या घरी जाऊन आलो. तेव्हापासून माझा नियम आहे. इतक्या वर्षांनी लिहिताना घरच्या कुणाचं नाव घेऊन विचारायचं नाही. ‘घरी सगळे मजेत ना?’ हेसुद्धा चौकशी केल्यावरच. आधी माहिती काढली आणि काही दुःखाची बातमी कळली, तर त्या मेसेजमध्ये तेवढंच. काम दोन-तीन महिने थांबू शकतं.

आता सुरुवात. चांगल्या सुरुवातीची माझी एकच कसोटी आहे: ते वाक्य तुमच्याशिवाय दुसरं कोणी लिहू शकलं असतं का? ‘खूप दिवस झाले’ हे कोणीही कोणालाही लिहू शकतं. आपण एकत्र काम करत होतो तेव्हाची मजा काही औरच, हेही तसंच. अण्णा आणि तुम्ही चार-पाच वर्षं एका टेबलावर काढली असतील, तर त्यांनी शिकवलेली एखादी गोष्ट आजही तुमच्या हातात असणार. ती शोधा.

तुमच्या धंद्यातलं मला थोडं कळतं, म्हणून एक उदाहरण धरतो. समजा तुम्ही नवीन होता, आणि मशीनवरून नुकताच काढलेला अॅल्युमिनियमचा गरम जॉब तुम्ही घाईने बोअर गेज लावून मोजला. माप जास्त आलं आणि जॉब तुम्ही बाजूला ठेवला. अण्णांनी तो उचलला, तुमच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, ‘हाताला कसा लागतोय? गार होऊ दे, मग मोज.’ अर्ध्या तासाने मोजलं तर जॉब बरोबर. ५० मिलिमीटरचं बोअर खोलीच्या तापमानापेक्षा १५ अंशांनी गरम असलं, तर अॅल्युमिनियममध्ये ते साधारण १७ मायक्रॉनने मोठं दिसतं. लिमिट जर २५ मायक्रॉनचं असेल, तर एवढ्यात चांगला जॉब रिजेक्ट होतो किंवा खराब जॉब पास होऊन जातो. ज्या क्वालिटीवाल्याला हे तळहातावर शिकवलं गेलं तो ते जन्मभर विसरत नाही. आणि शिकवणारा? तो बहुतेक विसरलेला असतो. त्याला ते सहा वर्षांनी कोणीतरी सांगतं, यातच त्या मेसेजची सगळी ताकद आहे.

हे उदाहरण माझं आहे. तुमचं खरं असलेलंच लिहा. एखादी रात्रपाळी असेल, ब्लोहोलच्या जॉबचं पहाटेपर्यंत चाललेलं सॉर्टिंग असेल, ऑडिटच्या आदल्या दिवशी सापडलेलं कॅलिब्रेशनचं स्टिकर असेल. फक्त दोन गोष्टी बघा. ती आठवण त्यांना मान देणारी असावी. त्यांची फजिती झालेली गंमत कितीही आवडती असली, तरी पहिल्या मेसेजमध्ये नको. ते आता विभाग बघतात, फोन कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही. आणि एकच वाक्य असावं, फार तर दोन. तीन आठवणी लिहिल्या की त्या मस्का वाटायला लागतात.

संबोधन तेव्हाचंच ठेवा. अण्णा म्हणत होता तर अण्णाच म्हणा, आज ते मॅनेजर झाले म्हणून ‘आदरणीय सर’ करू नका. त्याने तुम्हीच अंतर वाढवता. भाषाही तीच, जी तुम्ही शॉपमध्ये बोलत होता. आपल्याकडे एका टेबलावर मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. तुमचं त्यांच्याशी अर्धं कन्नडमध्ये चालत असेल, तर एक ओळ तशीच येऊ द्या. मी हुबळीला गेलेल्या एका मित्राला ‘हेंग इदीरी’ने सुरुवात करतो आणि पुढे मराठीत जातो, कारण आम्ही दोघं तसेच बोलायचो. छापील मराठीत लिहिलं असतं, तर हे कोणी दुसऱ्याने लिहून दिलंय असं त्याला वाटलं असतं.

लग्न चुकल्याचं काय करायचं? एका वाक्यात, कारण न देता. ‘ताईंच्या लग्नाला येता आलं नाही, ते मनात राहिलंय.’ संपलं. लांबलचक माफी मागितली की समोरच्याला तुमची समजूत घालत बसावं लागतं, ‘अरे नाही रे, काही नाही त्यात.’ मग मेसेजचा विषयच तो होऊन बसतो.

आता मागणं. इथे बहुतेक लोक चुकतात, आणि दोन उलट्या दिशांनी. एक म्हणतो, ‘अण्णा, जरा मार्गदर्शन करा.’ ऐकायला हे लहान वाटतं, पण याला आकारच नाही. मार्गदर्शन म्हणजे काय, किती वेळ, कुठे संपणार? दुसरा सरळ म्हणतो, ‘तुमच्याकडे जागा असेल तर बघा.’ याला आकार आहे, पण तो मोठा आहे, कारण त्यात अण्णांचं नाव पणाला लागतं. सहा वर्षांपूर्वीचा तुमचा हात त्यांना माहीत आहे, आजचा नाही. शिफारस केलेला माणूस चार महिन्यांत सोडून गेला, तर साहेब त्यांनाच बोलावून विचारणार. मी स्वतः कितीतरी चांगल्या माणसांना या एकाच भीतीपोटी गप्प बसलेलं पाहिलंय.

लहान मागणं ओळखायचं कसं ते सांगतो. अण्णा चहाच्या सुट्टीत मशीनशेजारी उभे आहेत, एका हातात कप आहे, असं समजा. दुसऱ्या हाताने ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतील का, कोणाला न विचारता, कुठे काही न शोधता? ते नाही म्हणाले किंवा ‘मला नाही माहीत’ म्हणाले, तर कोणाचीही मान खाली जाणार नाही ना? आणि उत्तर दिल्यावर त्यांचं काम संपतं ना? तिन्हींना हो असेल तर ते मागणं लहान.

तुमच्या बाबतीत मी हे करून बघतो. सीएमएम प्रोग्रॅमिंग शिकायचं म्हटलं की पहिला अडथळा सॉफ्टवेअर निवडण्याचा. झाइसच्या मशीनवर Calypso चालतं. हेक्सॅगॉनचं PC-DMIS त्यांच्या स्वतःच्या मशीनबरोबर इतर कंपन्यांच्या काही मशीनवरही दिसतं. मितुतोयोचं आणखी वेगळं. डेटम कसा धरायचा, अलाइनमेंट कशी करायची, ड्रॉइंगवरचे टॉलरन्स कसे वाचायचे, हे मूळ ज्ञान सगळीकडे सारखंच लागतं, पण पडदा आणि मेनू वेगळे. कोर्स लावायचा तर सुरुवात एकाच सॉफ्टवेअरने होते, आणि तुमचे फीचे पैसे आणि रजा दोन्ही मोजकेच असणार. चाकण भागात विभाग चालवणाऱ्याला हे तोंडपाठ असतं, की नवीन माणूस घेताना कशाची विचारणा जास्त होते. म्हणून मागणं असं: PC-DMIS आणि Calypso, या दोनपैकी आधी कोणतं शिकू? दोन ओळींत उत्तर, नाव पणाला नाही, तिथल्या तिथे संपतं.

याच्याबरोबर ‘कोर्स कुठला चांगला, फी किती पडेल, तिकडे पगार काय देतात’ हे मनात येणारच. ते सगळं कागदावर लिहून खिशात ठेवा. एका मेसेजमध्ये दोन प्रश्न गेले की माणूस सोप्याचं उत्तर देतो आणि अवघड सोडतो. तीन गेले की नंतर निवांत लिहू म्हणून एकाचंही देत नाही. हे मी माझ्याच पाठवलेल्या मेसेजवरून शिकलो. उमेदवाराबद्दल मी पूर्वी पाच मुद्दे विचारायचो आणि आठवडाभर उत्तर नसायचं. आता एकच विचारतो, ‘याला पुन्हा तुमच्या शॉपमध्ये घ्याल का?’ आणि बहुतेकदा संध्याकाळच्या आत उत्तर येतं. पुष्कळदा पुढचं सगळं न विचारताच सांगतात.

तर पूर्ण मेसेज असा होईल. रिकाम्या जागा तुमच्या.

‘नमस्कार अण्णा, मी अमुक, खानापूरचा. उद्यमबागेत तुमच्याबरोबर फायनल इन्स्पेक्शनला होतो. आता नवीन पोरं आलीत हाताखाली. गरम जॉब मोजायला घेतला की मी त्यांच्या तळहातावर ठेवतो आणि तुमचंच वाक्य सांगतो, गार होऊ दे, मग मोज. ताईंच्या लग्नाला येता आलं नाही, ते मनात राहिलंय. तुम्ही आता सीएमएम बघता असं कळलं, फार बरं वाटलं. मला प्रोग्रॅमिंग शिकायचंय आणि एकाच कोर्सची ऐपत आहे. तुमच्या भागातली मागणी बघता आधी PC-DMIS शिकू की Calypso? सवडीने एका ओळीत सांगितलंत तरी पुरे.’

बघा, ओळख पहिल्याच ओळीत आहे, कारण त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर असेलच असं नाही, आणि अनोळखी नंबरवरून आलेल्या नुसत्या ‘हाय’ला आजकाल शहाणा माणूस उत्तर देत नाही. नावाबरोबर गाव आणि विभाग दिलाय, म्हणजे एकाच नावाच्या तिघांतून तुम्ही वेगळे निघता. आठवण मागण्याच्या आधी आहे, पण मागण्याला जोडूनच, कारण दोन्ही मोजमापाचीच गोष्ट आहे. आठवण एका विषयाची आणि मागणं भलत्याच विषयाचं असलं की सांधा दिसतो. आणि शेवटचं वाक्य त्यांना मोकळं करतं. ‘उत्तराची वाट पाहतोय’ असं तिथे लिहिलं असतंत, तर तेच वाक्य तगादा झालं असतं.

फोन का नको, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे फोन करणं जास्त आपुलकीचं मानतात हे खरं, आणि रोजच्या संबंधात मीही फोनच करतो. पण सहा वर्षांनी अचानक आलेला फोन माणसाला मीटिंगमध्ये, गाडीवर, मशीनच्या आवाजात गाठतो आणि त्याला तुमचं नाव आठवायलाही अवधी देत नाही. मेसेज त्याला तो अवधी देतो. त्यांनी उलट फोन केला तर मात्र लगेच घ्या, आणि तेव्हा खिशातला कागद बाहेर काढू नका. त्यांना बोलू द्या. त्यांनी होऊन कोर्सचं नाव काढलं, तरच पुढचं विचारा. वय जास्त असलेल्या, मेसेज न वाचणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी, तिथे फोनच बरा.

वेळेचं थोडं. महिन्याचे शेवटचे पाच-सहा दिवस टाळा. डिस्पॅचच्या घाईत क्वालिटीवाल्याच्या डोक्यावर काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पिंपरी-चिंचवड भागात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. अण्णांचीही तीच असेल, तर गुरुवारी सकाळी दहा-अकराच्या सुमाराला मेसेज चांगला. आणि गणपतीला महिना-दीड महिना असेल तर आणखी चांगलं. पुण्याकडची आपली माणसं गणपतीला गावी येतातच. आधी मेसेज झालेला असला की ‘आलात की भेटू’ हे आपोआप निघतं. मेसेज न करता थेट गणपतीत त्यांच्या दारात उभं राहून हा विषय काढू नका. चार पाहुण्यांसमोर त्यांना अवघडल्यासारखं होईल.

उत्तर नाही आलं तर? आधी बघा की मेसेज पोचला का. आठवडाभर एकच टिक असेल, तर नंबर बदललाय किंवा ते व्हॉट्सअॅप वापरत नाहीत, किंवा तुमचा नंबर ब्लॉक झालाय. पहिल्या दोन शक्यता जास्त. मधल्या माणसाला पुन्हा विचारा. दोन टिका असतील आणि उत्तर नसेल, तर दोन आठवडे थांबा. मग एकदाच, छोटंसं: ‘अण्णा, मागचा मेसेज घाईत राहिला असेल. सवड झाली तर बघा, नाहीतर काही हरकत नाही.’ यानंतर या विषयावर पुन्हा काही नाही. दसऱ्याला, पाडव्याला शुभेच्छा द्यायला हरकत नाही, पण त्यात मागणं नको. माझ्याकडे एकदा अशा दोन मेसेजनंतर आठ महिन्यांनी उत्तर आलंय. त्या काळात त्या माणसाचं घराचं बांधकाम चाललं होतं, बाकी काही नव्हतं.

उत्तर आलं तर त्याच दिवशी आभार माना, आणि त्या आभारात नवा प्रश्न घालू नका. ही दुसरी मोठी चूक. त्यांनी लिहिलं ‘आधी PC-DMIS कर’, आणि तुम्ही लगेच लिहिलंत ‘थँक्यू अण्णा, मग तुमच्याकडे काही जागा…’, तर पहिला प्रश्न आमिष होता असं ठरतं. जागेची गोष्ट कधी काढायची? त्यांनी आपणहून ‘बायोडेटा पाठवून ठेव’ म्हटलं तर लगेच. नाहीतर कोर्स पूर्ण झाल्यावर, तुमच्या हातात दाखवायला काहीतरी आल्यावर. तेव्हाही जागा मागण्याऐवजी ‘अशा कामासाठी अर्ज करावा इतकी तयारी झालीय का’ असं मत विचारा. मत देणारा माणूस, जागा असेल तर, स्वतःच सांगतो.

त्यांनी सल्ला दिला आणि तुम्हाला वेगळंच करावं लागलं, असंही होईल. समजा ते Calypso म्हणाले आणि इथे जवळपास PC-DMIS चाच कोर्स मिळाला. लपवू नका, कारणासकट कळवा. सल्ला मानला नाही याचा राग माणसाला क्वचितच येतो. दिलेल्या सल्ल्याचं पुढे काय झालं ते कळलंच नाही, ही गोष्ट मात्र मनात राहते.

म्हणून तिसरा मेसेज आत्ताच ठरवून ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी, काहीतरी झाल्यावर, पाठवा. बहुतेक लोक हाच विसरतात आणि मग सहा वर्षांनी पुन्हा तिथेच येऊन उभे राहतात. तो असा असू दे: ‘अण्णा, तुम्ही सांगितलंत तसा PC-DMIS ला नाव घातलं. काल पहिल्यांदा स्वतः अलाइनमेंट केली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. गणपतीला येताय ना? तिसऱ्या गेटजवळ चहा माझ्याकडून.’